सापाचा फोटो कुठून काढावा?

प्रश्न : आम्ही भोपाळला कोलार रोडच्या बाजूला राहतो. घरामागे मोकळी जागा आणि झुडपं आहेत, त्यामुळे पावसाळ्यात साप निघणं आम्हाला नवीन नाही. जुलैत एका रात्री साडेदहाच्या सुमारास मागच्या पडवीत एक काळपट साप दिसला. अंगावर पांढरे आडवे पट्टे होते. मुलाने मोबाइलवर बारा फोटो काढून एका सर्पमित्राला व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "मण्यार असेल किंवा कवड्या. या फोटोंवरून ठाम सांगता येणार नाही." तोवर साप निघूनही गेला होता. बारा फोटो असताना ओळख का पटू नये? मग किती काढायचे, कोणत्या बाजूने काढायचे, आणि सापाला न डिवचता ते जमतं का? सगळे मूळ फोटो सोबत ईमेलने पाठवते आहे.

उत्तर : सर्पमित्राने ठाम उत्तर दिलं नाही हे योग्यच केलं. मण्यार म्हणजे तुमच्याकडे हिंदीत ज्याला करैत म्हणतात तो साप. भारतातल्या अत्यंत विषारी सापांत त्याची गणना होते. कवड्या बिनविषारी आहे. तो पाली खातो आणि त्यासाठी भिंती चढून घरात शिरतो. दोघेही रात्री हिंडतात, दोघांच्याही अंगावर गडद रंगावर फिकट आडवे पट्टे असतात आणि दोघेही पावसाळ्यात घराजवळ सापडतात. मण्यारीला कवड्या समजलं तर जीव जाऊ शकतो आणि कवड्याला मण्यार समजलं तर एक निरुपद्रवी साप काठीखाली मरतो. अशा वेळी अंदाजाने बोलणारा माणूस धोक्याचा.

आता तुमचे बारा फोटो पाहू. त्यातले नऊ जवळजवळ सारखेच आहेत. मुलगा दारात उभा आहे, साप समोर वेटोळ्यात आहे, फोटो वरून काढला आहे आणि प्रत्येक वेळी फ्लॅश पडला आहे. नऊही फोटोंत अंगाचा मधला भागच दिसतो, डोकं वेटोळ्याखाली आहे आणि शेपूट पायपुसण्याआड गेली आहे. दोन फोटो हलले आहेत. राहिला एक. म्हणजे फोटो बारा असले तरी ओळखणाऱ्याच्या हाती त्याच मधल्या भागाचा पुरावा नऊ वेळा आला. या दोन सापांतला मुख्य फरक मात्र मानेपाशी आणि शेपटीकडे असतो.

तो फरक कळला की फोटो कुठून काढायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. मोठ्या मण्यारीचे पट्टे बारीक असतात आणि बरेचदा जोडीजोडीने येतात. डोक्यामागे बरंच अंतर अंग कोरं असतं किंवा तिथे नुसते ठिपके असतात. मागे जावं तसे पट्टे स्पष्ट होत शेपटीपर्यंत पोचतात. कवड्याचं उलटं असतं. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, अनेकदा मानेवर फिकट पिवळसर पट्टीच असते. हे पट्टे पाठीवर अरुंद असून कुशीकडे फाटून रुंद होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, कधी पार नाहीसे होतात. म्हणजे पट्टे पुढे ठळक की मागे ठळक, हा पहिला प्रश्न आहे. नुसता मधला भाग पाहून त्याचं उत्तर मिळत नाही, कारण तिथे दोघांनाही पट्टे असतात.

यात एक अडचण आहे. मण्यारीच्या पिल्लांना पुढच्या भागावरही बऱ्यापैकी पट्टे असू शकतात. शिवाय कवड्याची काळी तुकतुकीत अंगाची आणखी एक जात आहे, तीही गोंधळात टाकते. म्हणून पट्ट्यांच्या जोडीला दुसरी खूण लागते. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध, मानेपासून शेपटीपर्यंत, खवल्यांची एक ओळ बाकीच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी असते. कवड्याच्या पाठीवर सगळे खवले साधारण सारखेच असतात. ही खूण रंगावर अवलंबून नाही. पट्टे फिके पडोत किंवा अजिबात नसोत, पिल्लू असो की मोठा साप, षटकोनी ओळ असते. पाठीचा बरोबर वरून घेतलेला स्वच्छ फोटो हवा तो यासाठी.

मग फोटो किती? माझं उत्तर असं की चार बाजू आणि प्रत्येकीचे दोन फोटो, म्हणजे आठ पुरेत. मात्र ते क्रमाने घ्यावेत. साप दिसला त्या क्षणी, आहात तिथूनच, डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा साप येईल असा फोटो आधी घ्या. कसाही आला तरी हरकत नाही, कारण दुसरी संधी मिळेलच असं नाही. त्यानंतर मान आणि अंगाचा पुढचा तिसरा हिस्सा. मग मधल्या भागावर पाठीचा सरळ वरून दिसणारा फोटो. शेवटी शेपटीचा भाग. डोकं एका बाजूने, म्हणजे डोळा आणि नाकपुडी एका रेषेत दिसेल असं मिळालं तर उत्तमच, पण त्यासाठी सापाच्या समोर जायचं नाही. तो स्वतः आडवा सरकत असेल तेव्हाच तो फोटो मिळतो.

दोन फोटो अशासाठी की एक हललाच तर दुसरा राहतो. एकाच बाजूचे दहा काढण्याने काही मिळत नाही, उलट प्रत्येक फोटोसाठी आपण नकळत पाऊल पुढे टाकत जातो. व्हिडिओबद्दलही अनेक जण विचारतात. साप सरकत असेल तर दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ कामाचा ठरतो, कारण पट्टे कुठून सुरू होतात ते चालताना दिसतं. पण साध्या व्हिडिओचं एक चित्र थांबवून पाहिलं तर त्यात फोटोच्या मानाने फारच थोडा तपशील असतो. खवल्यांसाठी फोटोच लागतो.

आता अंतराचा प्रश्न. सापापासून निदान दोन मीटर, म्हणजे सहा-सात फूट दूर राहा. मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याने दोन मीटरवरून आडवा फोटो घेतला तर त्यात सुमारे पावणेतीन मीटर रुंदीची जागा मावते. फोटोची रुंदी साधारण 4000 ठिपक्यांची असते. म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला पाऊण मिलिमीटरच्या आसपास जागा आली. मोठ्या मण्यारीचा पाठीवरचा षटकोनी खवला पाच-सहा मिलिमीटरांचा धरला, तर तो सात-आठ ठिपक्यांत बसवायचा आहे. पट्टे दिसतील, खवल्याचा आकार मात्र दिसेल न दिसेल असा. कॅमेऱ्यात खरी दूरदर्शी लेन्स असेल, म्हणजे दोन किंवा तीन पट असं लिहिलेलं बटण असेल, तर तोच खवला वीसेक ठिपक्यांत येतो आणि कडा स्वच्छ दिसतात. बोटांनी पडदा ताणून मोठं केलेलं चित्र हा निव्वळ देखावा असतो. त्यात नवीन तपशील येत नाही. दूरदर्शी लेन्स नसेल तर साधाच फोटो स्थिर हाताने घ्या आणि नंतर कापा. जवळ जाऊ नका.

याच हिशोबात तुमच्या फोटोंचं आणखी एक कोडं सुटतं. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो आकसतो, त्याची रुंदी निम्म्याहूनही कमी होते. जो खवला मुळात आठ ठिपक्यांत होता तो तीन-चारांत येतो आणि मग पाठ नुसती काळी दिसते. सर्पमित्राने पाहिले ते हेच आकसलेले फोटो. पाठवताना फोटोच्या चिन्हाऐवजी Document निवडून फाइल जोडली तर ती जशीच्या तशी जाते. ईमेलनेही जाते, म्हणून माझ्याकडे आलेल्या फोटोंत त्यांच्यापेक्षा जास्त दिसलं.

फ्लॅशने मात्र तुमचं खरं नुकसान केलं. मण्यार काय आणि कवड्या काय, दोघांचे खवले गुळगुळीत आणि चकचकीत. समोरून पडलेला फ्लॅश थेट परततो आणि पाठीच्या मधोमध पांढरा पट्टा उमटवतो, तोही नेमका षटकोनी ओळीच्या जागी. तुमच्या नऊही फोटोंत तसंच झालं आहे. पडवीतला दिवा लावा. तो पुरत नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला बाजूला, तितक्याच अंतरावर उभं करून टॉर्च तिरपा धरायला सांगा. तिरप्या उजेडात प्रत्येक खवल्याची कड वेगळी दिसते. टॉर्च सापाच्या तोंडावर रोखू नये. त्याला पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोय त्याच्याकडे नाही. तोंडावर उजेड पडला की तो दडायला बघतो आणि मग फोटोही जातो, सापही नजरेआड होतो.

न डिवचणं म्हणजे काय, हेही नीट सांगतो, कारण इथे हौशी माणसंच जास्त चुकतात. मण्यार दिवसा सुस्त असते. छेडली तर वेटोळं करून डोकं खाली लपवते. लोकांना वाटतं ती थंड आहे, म्हणून झाडूने किंवा काठीने तिला सरळ करायला जातात. अशा वेळी दंश होऊ शकतो. डोकं लपलेलं असेल तर डोक्याचा फोटो नाही, इतकं साधं धरावं. पाठीची षटकोनी ओळ वेटोळ्यातही दिसते आणि एवढी एक खूण पुष्कळदा पुरते. साप उलटा करून पोट पाहायचं नाही, शेपटी धरायची नाही, पाणी ओतायचं नाही, वर टोपली झाकून मग "जरा उचलून" फोटो घ्यायचा नाही. सापाला आपलं बोलणं फारसं पोचत नाही, पण जमिनीची थरथर पोचते, म्हणून पाय आपटत फिरू नये. मुलं आणि कुत्रा घरात घ्या, एका माणसाने नजर ठेवावी, एकाने फोटो काढावेत, आणि सापाची बाहेर जायची वाट मोकळी असावी. त्या वाटेत उभं राहून फोटो काढणं हा सगळ्यात वाईट कोन. चार-पाच मिनिटांत जे मिळेल ते घ्या आणि मागे व्हा.

लांबी मोजण्यासाठी शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवायला जाणारेही असतात. त्याची गरज नसते. फरशी हीच मोजपट्टी आहे, आणि तुमच्याच पडवीत ती कामाला आली.

आता तुमचा बारावा फोटो. साप पायपुसण्यावरून निघून दाराच्या चौकटीकडे सरकत असताना मुलाने तो बाजूने घेतला आहे. फ्लॅशही नेमका पडलेला नाही. पडवीतल्या फरश्या दोन फुटी आहेत असं तुम्ही ईमेलमध्ये लिहिलं आहे. साप जवळजवळ सरळ आहे आणि एका फरशीच्या कडेत पुरा मावून थोडी जागा उरते. म्हणजे लांबी दीड ते पावणेदोन फूट. यावरून मोठी मण्यार बाद झाली, कारण ती साधारण तीन फुटांची आणि त्याहून लांबही असते. पण मण्यारीचं पिल्लू अजून बाद झालं नाही. पूर्ण वाढलेला कवड्या आणि वाढतं मण्यारीचं पिल्लू एकाच लांबीचे असू शकतात, म्हणून नुसत्या लांबीवर निकाल द्यायचा नसतो.

मग मान पाहिली. डोक्यामागे लगेच फिकट पिवळसर पट्टी आहे आणि तिच्यामागचे पट्टे कुशीकडे उतरताना फाटून रुंद झाले आहेत. नंतर शेपटी पाहिली, तर शेवटच्या तिसऱ्या हिश्शात पट्टे जवळजवळ नाहीत. डोकं चपटं आहे आणि मानेपेक्षा जरा रुंद. मण्यारीचं डोकं मानेपासून फारसं वेगळं दिसत नाही. मूळ फोटो मोठा केल्यावर पाठीच्या मध्यावर मोठ्या खवल्यांची ओळ दिसत नाही, पण इतक्या लहान सापाचे खवले एवढ्या अंतरावरून नीट सुटे दिसत नसल्याने या खुणेला मी कमी वजन देतो. बाकीच्या तिन्ही खुणा मात्र एकाच बाजूला बोट दाखवतात. तो कवड्या होता. तुमच्या सर्पमित्रालाही हाच एक फोटो मूळ स्वरूपात पाठवा. तेही हेच सांगतील अशी माझी खात्री आहे.

इथे एका जुन्या समजुतीबद्दल बोलायला हवं. त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी साप, असं पुष्कळ लोक धरून चालतात. तुमच्या फोटोतल्या बिनविषारी कवड्याचं डोकं मण्यारीपेक्षा जास्त रुंद आणि उठून दिसणारं आहे. त्या नियमाने चाललं तर कवड्या मारला जाईल आणि मण्यार "साधा साप" म्हणून घरात राहील. घोणसीपुरता तो नियम बरा वाटतो, मण्यारीच्या बाबतीत तो घातक आहे.

साप पाहायलाच मिळाला नाही, पण अडगळीत कात सापडली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ओळख पटवायला याहून निवांत साधन नाही आणि यात कोणाला त्रासही होत नाही. आधी आजूबाजूला साप नाही ना हे टॉर्चने पाहा, मग कात चिमट्याने उचलून काळ्या कापडावर पसरा. इथे बिनधास्त शेजारी नाणं ठेवा आणि अगदी जवळून फोटो घ्या. पाठीची मधली ओळ मोठी आणि षटकोनी आहे का ते दिसेल. शेपटीच्या खालची बाजू तर जिवंत सापाच्या फोटोत कधीच मिळत नाही, ती कातेत मिळते. मण्यारीच्या शेपटीखालचे खवले अखंड, एकेक असतात, कवड्याचे दोन भागांत विभागलेले. डोक्याची कात शाबूत असेल तर जाणकार आणखी एक बारीक खूण पाहतात. नाकपुडीचा खवला आणि डोळ्यापुढचा खवला यांच्यामध्ये कवड्याला एक छोटा खवला असतो, मण्यारीला तो नसतो. सुरक्षित अंतरावरून मोबाइलने ही खूण टिपणं जवळजवळ अशक्य, म्हणून जिवंत सापाच्या बाबतीत तिच्या मागे लागू नये. मात्र कात निघताना ताणली जाते, त्यामुळे तिची लांबी ही सापाची लांबी समजू नका. शिवाय ती उलटी होऊन निघते, म्हणजे आतली बाजू बाहेर आलेली असते.

तुम्ही ईमेलच्या शेवटी विचारलं आहे की हाच हिशोब इतर प्राण्यांना लागू पडतो का. तत्त्व तेच, बाजू वेगळ्या. फुलपाखराचे पंख वरून आणि खालून अगदी निराळे असतात, म्हणून मिटलेले आणि उघडलेले असे दोन्ही फोटो लागतात. वाघाच्या बाबतीत तर जात ओळखायची नसून तोच वाघ आहे का हे ओळखायचं असतं, आणि त्याच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीसारखे नसतात. म्हणून तुमच्या भोपाळजवळच्या रातापानीसारख्या जंगलात, जे 2024 च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झालं, वाघांची मोजणी करताना वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशी एकदम मिळतात. एकाच बाजूचा कॅमेरा असेल तर आज डावीकडून आणि उद्या उजवीकडून टिपलेला एकच वाघ दोन वाघ म्हणून धरला जाऊ शकतो.

शेवटी एक गोष्ट, आणि ही कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. दंश झाला असेल तर फोटोसाठी एक मिनिटही थांबू नका, साप शोधायला आणि मारायला तर अजिबात नको. आपल्याकडे मिळणारं सर्पदंशाचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकत्रच बनवलेलं असतं आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. सापाचं नाव कळलं नाही म्हणून उपचार अडत नाहीत. मण्यारीच्या दंशाला बरेचदा ना वेदना होते ना सूज येते. पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं ही लक्षणं काही तासांनी दिसू लागतात. म्हणून रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला काही चावल्याची नुसती शंका आली, तरी पट्टे कसे होते याची चर्चा करत न बसता त्याला न चालवता थेट हमीदियाला, एम्सला किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या.